महिनाअखेरची शिल्लक, वर्षाचे व्याज

अस्थिर भांडवल खात्यावर १ एप्रिलला २,००,००० रुपये जमा आहेत. भागीदाराने १ ऑगस्टला ६०,००० रुपये आणले, १ डिसेंबरला ४०,००० उचलले. महिनाअखेरची शिल्लक चार महिने २,००,०००, पुढचे चार २,६०,००० आणि शेवटचे चार २,२०,००० राहिली. बारा शिलकांची बेरीज २७,२०,०००. करारातला दर द.सा.द.शे. १२, म्हणजे महिना एक टक्का; व्याज २७,२०० रुपये. नुसत्या आरंभीच्या शिलकेवर ते २४,००० भरले असते, म्हणजे भागीदाराचे सरळ नुकसान. उचल ३१ तारखेला झाली, तर मात्र महिनाभर वापरलेल्या पैशावरचे व्याज बुडते; तिथे प्रत्यक्ष तारखेनेच हिशेब करावा. करारात तरतूद नसेल, तर भांडवलावर व्याज मिळतच नाही.