कचेरीतील नमस्कार व त्यानंतरचे पहिले वाक्य

खातेदार वारल्यानंतर वारसांची नावे सात-बारावर लावून घेण्याचे काम आमच्या बहुतेक वाचकांस आयुष्यात एकदा तरी करावे लागते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ ह्याच्या कलम १४९ अन्वये ही वर्दी हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांचे आत तलाठ्याकडे द्यावयाची असते. (सरकारने तलाठ्यास अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असे नाव दिले आहे, परंतु गावात तो तलाठीच राहिला असल्यामुळे आम्हीही तोच शब्द ठेवतो.) मयताचे नाव उताऱ्यावर तसेच राहिले म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडी पीककर्जासाठी बँकेत गेलेला मुलगा रिकाम्या हाताने परत येतो. आम्ही टेबलाच्या पलीकडे बसून नोकरी केली. ही वर्दी कायद्याच्या अडचणीने जितकी रखडते, तितकीच ती टेबलापाशी गेल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत बिघडते, असे आम्ही पाहिले आहे. सबब त्या दोन मिनिटांविषयीच येथे लिहीत आहो.

प्रथम नमस्कार केव्हा करावा हे पाहू. कारकून रकान्याची बेरीज मारीत असेल, अगर एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात आकडे उतरवीत असेल, तर दारातूनच मोठ्याने घातलेला रामराम त्यास आवडत नाही. त्याची बेरीज मोडते, ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, आणि तो राग पाहुण्यावर निघतो. बँकेत रोखपाल नोटा मोजीत असतानाही हेच घडते. टेबलापासून हातभर अंतरावर त्यास दिसेल असे उभे राहावे. त्याने मान वर केली म्हणजे हात जोडावे. मान वर होण्यास दोन-चार मिनिटे लागली तर तो अपमान समजू नये. मात्र बराच वेळ जाऊनही तो मान वर करीत नसेल आणि हातात कामही दिसत नसेल, तर हलक्या आवाजात ‘नमस्कार’ म्हणण्यास हरकत नाही.

संबोधनाबद्दल फार खल करण्याचे कारण नाही. तलाठ्यास व कारकुनास आपल्याकडे ‘भाऊसाहेब’ म्हणण्याची रीत आहे, ती पुरते. बाई असतील तर ‘ताई’ अगर ‘मॅडम’ म्हणावे. वयाने लहान दिसला म्हणून मुलाएवढ्या कारकुनास ‘अरे’ म्हणू नये. तो खुर्चीवर आहे तोपर्यंत ‘आपण’च. उलट, कारकुनाला ‘रावसाहेब’ म्हणून चढविणेही इष्ट नाही. शेजारच्या टेबलावरचे लोक हसतात आणि त्यास ओशाळल्यासारखे होते. नमस्काराबरोबरच आमदारांचे किंवा वरिष्ठांचे नाव घेणे हे सर्वांत वाईट. त्या नावाने कारकून सावध होतो, आणि सावध झालेला कारकून कागदात उणीव शोधू लागतो.

आता मुख्य गोष्ट. नमस्कारानंतर पुष्कळ लोक ‘जरा एक काम होते’ असे म्हणून थांबतात, किंवा वडिलांच्या आजारापासून हकीकत सांगू लागतात. कारकुनाची दप्तरे गावाप्रमाणे व कामाप्रमाणे लावलेली असतात. ज्या वाक्यात गाव नाही व कामाचा प्रकार नाही, त्यावरून कोणते दप्तर उघडावे हे त्यास समजतच नाही. तहसील कचेरीत तर प्रत्येक टेबलाकडे निराळे संकलन असते. चुकीच्या टेबलापुढे अर्धा तास बोलून मग ‘हे माझ्याकडे नाही’ हे उत्तर मिळते. म्हणून पहिले वाक्य तीन गोष्टींचे असावे: गाव, गट नंबर आणि काम.

एक उदाहरण घेऊ. समजा, वडील १२ मार्च रोजी वारले. गट १४२ त्यांच्या एकट्याच्या नावे आहे. मागे त्यांची पत्नी, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी आहेत. मयताची आई पूर्वीच वारली आहे. तीन महिन्यांची मुदत १२ जूनच्या सुमारास, म्हणजे नेमकी पेरणीच्या वेळी संपते. मोठा मुलगा एप्रिलमध्ये सज्जावर जातो. त्याने म्हणावे: ‘नमस्कार, भाऊसाहेब. आमच्या गावचा गट १४२. वडील १२ मार्चला वारले, त्यांच्या वारसांची वर्दी द्यावयाची आहे.’ इतके म्हणून त्याने थांबावे. तलाठी पुढचा प्रश्न स्वतःच विचारील, आणि तो प्रश्न बहुधा ‘वारस किती?’ हा असेल.

येथे घोटाळा होतो. ‘आम्ही दोघे भाऊ’ असे उत्तर आले की तलाठी विचारतो, ‘बहिणी नाहीत काय?’ हिंदू वारसा कायद्याने विवाहित मुलगी व विधवा पत्नी ह्या मुलाइतक्याच वारस आहेत. त्यांची नावे गाळून आणलेला अर्ज कितीही गोड बोलला तरी पुढे सरकत नाही, आणि सरकलाच तर पुढे हरकत येते. वरील घरात वारस चार आहेत; मुलाने ‘आई, आम्ही दोघे भाऊ व एक बहीण, असे चौघे’ असेच सांगावे. हे उत्तर ऐकले की तलाठ्याचा अर्धा संशय जातो.

मग कागद द्यावे. वर अर्ज, त्याखाली मृत्यूचा दाखला, वारसांविषयीचे प्रतिज्ञापत्र, आणि शेवटी सात-बारा व आठ-अ. पिशवीतून एकेक कागद शोधीत काढू नये. अर्जाच्या दोन प्रती असाव्यात. दुसरी पुढे करून ‘ह्यावर पोच मिळावी’ असे म्हणावे. हे मागताना संकोच नको. वर्दी पोचल्याची लेखी पोच तलाठ्याने तेव्हाच द्यावी, असे त्याच कलमात आहे. कागद नुसता पेपरवेटखाली गेला, त्यावर तारीख पडली नाही, सही झाली नाही, तर नमस्कार कितीही हसून घेतला गेला असला तरी वर्दी दिली गेली नाही असेच समजावे.

पुढील खेपेस ‘झाले का आमचे?’ असे विचारू नये. पोचेवरील तारीख सांगून ‘फेरफार क्रमांक पडला का?’ असे विचारावे. क्रमांक पडल्यावर हितसंबंधितांस नोटिसा निघतात व हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात. त्यानंतर नोंद प्रमाणित करण्याचा अधिकार मंडळ अधिकाऱ्याचा असतो. म्हणून त्या पंधरवड्यात तलाठ्याकडे रोज फेऱ्या घालणे व्यर्थ आहे. तो इच्छा असूनही नोंद प्रमाणित करू शकत नाही. शनिवारी मुळीच जाऊ नये. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे.

एका रिवाजाबद्दल स्पष्ट लिहितो. नमस्काराबरोबर आंब्यांची पेटी अगर पाकीट टेबलाखाली सरकविण्यास कोणी शिष्टाचार म्हणतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावे लागले असेल तर सात दिवसांचे आत कळविणारासच त्यातून सूट आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा दूरध्वनी १०६४ हा आहे. आणि प्रामाणिक कारकुनापुढे पेटी ठेवली तर तो घाबरतो, चारचौघांत ती परत करतो, आणि नंतर त्या अर्जास हात लावण्यास कचरतो.

निघताना ‘येतो, भाऊसाहेब’ म्हणावे, आणि कचेरीच्या ओट्यावर बसूनच पोचेच्या पाठीवर त्या दिवसाची तारीख, कोणाशी बोलणे झाले व पुन्हा केव्हा बोलाविले आहे हे लिहून ठेवावे.