गाडीत दाबलेली कळ

पुण्याहून काशीला निघालेल्या गाडीत दुसऱ्या दिवशी सकाळी सातला संडासापुढे रांग लागलेली असते. साठीच्या एक काकू चहा घेतात, दहा मिनिटांत पोटात कळ येते. पण रांग आणि आतला चिखल पाहून त्या तशाच बर्थवर येऊन बसतात. थोड्या वेळात कळ निघून जाते आणि त्यांना हायसं वाटतं. त्रासाला सुरुवात होते ती इथेच.

झोपेतून उठल्यावर आणि पोटात काही गेल्यावर मोठं आतडं जोरात हलतं आणि मळ गुदाशयात ढकलतं. गुदाशय ताणला गेला की कळ येते. ती दाबली तर गुदाशय थोडा सैलावतो, ताण कमी होतो आणि कळ थांबते. मळ मात्र आतच राहतो. मोठं आतडं पाणी शोषणारं, त्यामुळे मळ जितका रेंगाळेल तितका सुकत जातो. त्यातच पुन्हा जावं लागू नये म्हणून काकू दिवसभर घोट घोटच पाणी पितात. बायकांना हे फार करावं लागतं, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नाही. दुसऱ्या दिवशी काशीत पहाटेच गंगेवर जायची घाई. तिसऱ्या दिवशी मळाचे खडे झालेले असतात, कुंथावं लागतं आणि कधी चीर पडून रक्तही येतं.

माझ्या मते सगळ्यात मोठा उपाय म्हणजे सकाळची वेळ राखणं. गाडीत पाचलाच उठावं, कोमट पाणी किंवा चहा घ्यावा आणि गर्दी होण्याआधी जाऊन यावं. मुक्कामी सहाला निघायचं असेल तर पाचला उठावं. कमोड असेल तर पायांखाली पाट किंवा पालथी बादली घेऊन गुडघे वर येतील असं बसावं, म्हणजे कुंथावं लागत नाही. पाणी एकदम ढोसण्यापेक्षा दिवसभर थोडं थोडं प्यावं. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय असं समजावं.

ज्यांना हा त्रास नेहमीचा आहे त्यांनी निघायच्या दोन-तीन दिवस आधीपासून रात्री एक-दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावं. ते पाणी धरून फुगतं, म्हणून पुरेसं पाणी पिणार नसाल तर घेऊच नये. सोनामुखीचं चूर्ण मात्र बसप्रवासाच्या आदल्या रात्री नको. त्याचा परिणाम सहा ते बारा तासांनी होतो, म्हणजे नेमका गाडी घाटात असताना पोटात मुरडा येऊ शकतो.

घरी परतल्यावर बहुतेकांचं पोट काही दिवसांत पूर्ववत होतं. पण पोट फुगलंय, वारा सरत नाही आणि उलट्या होताहेत, असं असेल तर चूर्ण, गोळ्या न घेता जवळचं रुग्णालय गाठावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पाणी किती प्यायचं हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावं.