तीनपैकी दोघांचा कौल

कारखान्यातल्या बॉयलरवर तापमान मोजणारा एकच सेन्सर बसवला, तर दोन्हीकडून धोका असतो. तो बिघडून उगाच धोक्याचा इशारा देऊ लागला की चालू काम बंद पडते, आणि खरा धोका असताना गप्प राहिला तर अपघात होतो. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी तीन सेन्सर लावतात आणि किमान दोघांनी इशारा दिला तरच यंत्रणा बंद करतात. चंद्राकडे निघालेल्या सॅटर्न ५ रॉकेटच्या संगणकातही मुख्य मंडले तीन-तीन होती आणि त्यांच्यातला बहुमताचा कौल पुढे जात असे.

हा कौल घेणारे मंडल कसे बनते? सेन्सरना A, B, C म्हणू या. इशारा असेल तर 1, नसेल तर 0. तिघांच्या मिळून आठ स्थिती होतात आणि त्यांतल्या चार स्थितींत उत्तर 1 यायला हवे: कोणतेही दोघेच ‘हो’ म्हणतात अशा तीन, आणि तिघेही ‘हो’ म्हणतात ती एक. A' म्हणजे ‘A नाही’, गुणाकार म्हणजे ‘आणि’, बेरीज म्हणजे ‘किंवा’ असे धरले की राशी अशी लिहिता येते:

```
F = A'BC + AB'C + ABC' + ABC
```

जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात तर्काचे असे बीजगणित मांडले. ते रिले आणि स्विचच्या मंडलांना जसेच्या तसे लागू पडते, हे क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९३७ मध्ये एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात दाखवले. तेव्हापासून राशीतले एक अक्षर कमी झाले की मंडलातले सामानही कमी होऊ लागले.

वरची राशी आहे तशी जोडायची ठरवली, तर दोन इनपुटांची गेट वापरून ३ नॉट, ८ अँड आणि ३ ऑर, अशी एकूण १४ गेट लागतात. बाजारात मिळणाऱ्या 7408 या आयसीत चार अँड गेट असतात, 7432 मध्ये चार ऑर आणि 7404 मध्ये सहा नॉट. म्हणजे चार आयसी झाले.

आता राशी आटोपशीर करू. शाळेतल्या बीजगणितात न बसणारा एक नियम इथे कामी येतो: X + X = X. तीच गोष्ट दोनदा सांगितली म्हणून ती दुप्पट खरी होत नाही. त्यामुळे ABC हे पद हवे तितक्या वेळा लिहिता येते. ते तीनदा लिहून उरलेल्या एकेका पदाशी जोडले की असे होते:

```
A'BC + ABC = BC(A' + A) = BC
AB'C + ABC = AC(B' + B) = AC
ABC' + ABC = AB(C' + C) = AB
F = AB + BC + AC
```

A' + A नेहमी 1 असते, कारण सेन्सर इशारा देतो किंवा देत नाही, तिसरी शक्यता नाही. नॉट गेट पार गळून गेली.

विद्यार्थी अडकतात ते इथेच. ABC एकदा वापरले की संपले, असे समजून ते BC + AB'C + ABC' वर थांबतात. उत्तर चुकलेले नसते, पण लहानात लहानही नसते. काही जण दोन्ही बाजूंचे सारखे पद वजा करतात. ते मात्र चूक, कारण या बीजगणितात वजाबाकीच नाही. खात्री करायला आठही स्थिती जुन्या आणि नव्या राशीत घालून पाहाव्यात. एका ओळीत जरी उत्तर वेगळे आले तरी कुठेतरी चूक झालेली असते.

BC आणि AC यांतून C बाहेर काढला की अजून एक गेट वाचते:

```
F = AB + C(A + B)
```

ही राशी मंडल म्हणून वाचताना कंसातून सुरुवात करायची. A आणि B च्या तारा एका ऑर गेटमध्ये जातात. तिथून निघालेली तार C बरोबर अँड गेटमध्ये शिरते. दुसरीकडे A आणि B च्याच तारा वेगळ्या अँड गेटमध्येही जातात. या दोन्ही अँड गेटची उत्तरे शेवटच्या ऑर गेटमध्ये एकत्र येतात. गेट फक्त चार, आयसी दोन.

पण यालाच ‘सर्वांत लहान’ म्हणायचे का, हे काय मोजतो त्यावर ठरते. तीन इनपुटांचे ऑर गेट हाताशी असेल तर AB + BC + AC मध्येही चारच गेट लागतात, आणि संकेताला तीनऐवजी दोनच टप्पे ओलांडावे लागत असल्याने उत्तर लवकर मिळते.

हेच मंडल संगणकाच्या बेरजेतही असते. एका स्थानचे दोन अंक आणि मागून आलेला हातचा, अशा तीन द्विमान अंकांची बेरीज करताना त्यांतले किमान दोन 1 असतील तरच पुढे हातचा जातो. त्या हातच्याची राशी AB + BC + AC हीच.