समजा, तिकीटच नाही

एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक आजोबा बसले होते. वाहक जवळ आला, म्हणाला, "आधार दाखवा, आजोबा." आजोबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढलं, वाहकाने ते नीट पाहिलं, मशीनची बटणं दाबली आणि सरसर निघालेला कागद फाडून त्यांच्या हातात दिला. भाड्याच्या जागी शून्य. आजोबांनी तो कागद चार घड्या घालून कार्डाबरोबर जपून ठेवला. पुढे तपासनीस चढला, तर दाखवायला हवा ना.

पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटीत भाडं नाही, पण तिकीट आहे. दिल्लीत ऑक्टोबर 2019 पासून बायकांचा बसप्रवास मोफत झाला, तेव्हा त्यांच्यासाठी गुलाबी तिकीट छापलं गेलं. कर्नाटकात जून 2023 पासून शून्याचं तिकीट फाडलं जातं. तिन्हीकडे पैसे गेले आणि तिकीट मात्र जागच्या जागी राहिलं. मग पैसे गोळा करण्याशिवाय हे तिकीट आणखी करतं तरी काय?

असले प्रश्न मुद्दाम विचारायची एक रीत आहे. माल्टात जन्मलेले एडवर्ड डी बोनो यांनी ती नावारूपाला आणली. आपण जी गोष्ट गृहीत धरतो ती शोधायची, ती रद्द झाली असं जाहीर करायचं आणि ‘हे कसं शक्य आहे’ हा वाद न घालता पुढे चालत राहायचं. अशा वाक्याच्या आधी लावायला त्यांनी ‘पो’ असा एक शब्दच बनवला. पो, हॉटेलात जेवण मिळत नाही. मग तिथे काय मिळतं? बसायला जागा. म्हणजे डबा घरचा आणि टेबल भाड्याने! आपल्याला नवा शब्द शिकायची गरज नाही. बीजगणिताच्या तासाला ‘क्ष धरा’ म्हणत आपण सगळेच मोठे झालो. मराठीतलं ‘समजा’ हे काम चोख करतं.

मात्र ‘समजा’नंतर काय खोडायचं, यावर सगळं अवलंबून असतं. ‘समजा, बसचा रंग नाही’ म्हटलं तर काहीच हलत नाही. जिच्यावर दहा गोष्टी टेकल्या आहेत, तीच खोडावी लागते. ओळखायची खूण सोपी आहे. ती गोष्ट गेली की कोण कोण बेकार होईल, याची यादी करावी. भाडं गेलं की मशीन बेकार, सुटे पैसे बेकार, पास देणारी खिडकी बेकार, तपासनीस बेकार, आगारात रात्री चालणारा हिशेब बेकार. एसटीचं भाडं ज्या सहा-सहा किलोमीटरच्या टप्प्यांवर ठरतं, ते टप्पेही बेकार. वाहक अर्धाच बेकार होतो, कारण घंटी द्यायचं, गर्दी आत सरकवायचं आणि म्हाताऱ्या माणसाला उतरेपर्यंत गाडी थांबवायचं त्याचं काम उरतंच. यादी लांबली की समजावं, बरोबर वीट काढली.

इथे बहुतेकांची एक चूक होते. भाडं नाही म्हटलं की लगेच ‘मग पैसे सरकारने द्यावेत’ असा निष्कर्ष निघतो आणि चर्चा संपते. ही मागणी झाली, कल्पना नव्हे. कल्पना हवी असेल तर पैशाचा प्रश्न तासभर बाजूला ठेवून, भाडं नसलेल्या गावात एक पूर्ण दिवस मनातल्या मनात बसने फिरावं लागतं.

सकाळी थांब्यावर उभं राहू. बस आली. पुढच्या दारानेच चढा, हा नियम का होता? अनेक देशांत चालकच तिकीट देतो म्हणून. आता कोणत्याही दाराने चढता येतं. चालकाकडून तिकीट घ्यायला माणशी चार सेकंद लागतात असं धरलं, तर तीस माणसांना दोन मिनिटं. दोन दारांतून, माणशी दोन सेकंदांनी, तीच तीस माणसं अर्ध्या मिनिटात आत. आपल्याकडे वाहक चालत्या गाडीत तिकिटं फाडतो, त्यामुळे हा फायदा आपल्याला बराचसा आधीच मिळतो. वाहकाच्या पगाराकडे नुसता खर्च म्हणून पाहणाऱ्यांनी तो जरा या बाजूनेही मोजावा.

आता रद्द केलेलं भाडं परत आणू. या रीतीतली कसोटीची जागा हीच. दार लवकर मोकळं झालं ते भाडं नव्हतं म्हणून, की भाडं *दारात* नव्हतं म्हणून? दारात नव्हतं म्हणून. मग भाडं ठेवून ते दारातून हलवता येईल का? ब्राझीलच्या कुरितिबा शहरात जैमे लर्नर महापौर असताना, 1991 मध्ये, काचेच्या नळीसारखे थांबे उभे राहिले. नळीच्या तोंडाशी पैसे द्यायचे, आत उभं राहायचं, बस आली की तिच्याच उंचीच्या फलाटावरून सगळ्या दारांनी सरळ आत. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. सातारा-स्वारगेट विनाथांबा गाडीत बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे, की तिकिटं स्थानकावरच होतात आणि वाटेत वाहक नसतो.

पण खरा ऐवज दारात नाही, तो चौकात आहे. भाडं नसलेल्या गावात आपण पहिल्या बसमधून उतरून दुसरीत चढलो. काहीच झालं नाही. कुणी पैसे मागितले नाहीत. नेहमीच्या गावात दुसऱ्या बसला दुसरं तिकीट लागतं, म्हणून प्रत्येक वस्तीची एकच मागणी असते: आमच्याकडून थेट गाडी द्या. नगरसेवकाला अर्ज जातो, मार्ग वाढतो, आणि वर्षानुवर्षं असे अर्ज मंजूर होत गेले की शहराचा नकाशा शेवयांच्या ताटासारखा दिसू लागतो.

एक लहान उदाहरण करून पाहू. गावाच्या एका अंगाला चार वस्त्या, दुसऱ्या अंगाला कामाच्या तीन जागा: एमआयडीसी, कॉलेज, सरकारी दवाखाना. प्रत्येक वस्तीतून प्रत्येक जागी थेट बस द्यायची तर मार्ग झाले बारा. एका फेरीला जाऊन-येऊन दीड तास लागतो आणि ताफ्यात छत्तीस गाड्या आहेत असं धरा. प्रत्येक मार्गाला तीन गाड्या, म्हणजे दर अर्ध्या तासाला एक. वेळापत्रक न बघता थांब्यावर गेलेल्या माणसाला सरासरी पंधरा मिनिटं थांबावं लागेल.

आता मधल्या चौकात गाडी बदलायची असं ठरवू. वस्त्यांपासून चौकापर्यंत चार मार्ग, चौकापासून कामाच्या जागांपर्यंत तीन. एकूण सात, आणि प्रत्येक मार्ग निम्म्या लांबीचा, म्हणून फेरी पाऊण तासाची. त्याच छत्तीस गाड्या सातात वाटल्या तर मार्गाला पाच येतात आणि एक शिल्लक राहते. पाऊण तासाच्या फेरीत पाच गाड्या म्हणजे दर नऊ मिनिटांनी एक. सरासरी वाट साडेचार मिनिटं, ती दोनदा पाहायची. एकूण नऊ. गाडी, चालक, डिझेल यांत काहीही न वाढवता पंधरा मिनिटांची वाट नऊवर आली. चौकात रस्ता ओलांडायला दोन मिनिटं गेली तरी सौदा फायद्याचाच.

अर्थात हे कागदावर. पावसात, कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन गाडी बदलणाऱ्या बाईला नऊ मिनिटांचं हे गणित सांगून पाहा! चौकात छप्पर हवं, दोन थांबे हाकेच्या अंतरावर हवेत, आणि गाड्या नऊ मिनिटांनी एकेक याव्यात, सत्तावीस मिनिटांनी तिघी एकदम नव्हे. यातली एक अट मोडली तरी लोक थेट गाडीच मागतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

फ्रान्समधल्या डंकर्कने हा खेळ प्रत्यक्षात खेळला. दोनेक लाख वस्तीच्या या भागात 1 सप्टेंबर 2018 पासून बस सगळ्यांना मोफत झाली. बातम्यांत मोफतपणाच आला, पण त्याच वेळी मार्गही नव्याने आखले गेले आणि मुख्य मार्गांवर दर दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. प्रवासी वाढले ते दोन्ही मिळून. शिवाय तिथे तिकिटातून खर्चाचा जेमतेम दहावा हिस्सा निघत होता, त्यामुळे ते सोडणं सोपं होतं. एसटीसारख्या संस्थेत भाडं हे मिळकतीचं मुख्य अंग आहे. तिथे तेच औषध त्याच मात्रेत चालणार नाही.

बेल्जियममधल्या हॅसेल्टने 1997 मध्ये बस मोफत केली, प्रवासी कित्येक पटींनी वाढले, आणि खर्च पेलेना म्हणून 2013 मध्ये ती योजना आवरती घ्यावी लागली. एस्टोनियाची राजधानी टॅलिन इथे 2012 मध्ये लोकांचा कौल घेऊन 2013 पासून भाडं हटवलं, पण फक्त शहरात नोंद असलेल्यांसाठी. नोंद वाढली की त्या माणसाच्या प्राप्तिकरातला वाटा शहराला मिळतो, हा त्यामागचा व्यवहारी हिशेब. तिथे अभ्यासकांना आढळलं की बसकडे वळले त्यांत पूर्वी पायी जाणारे बरेच होते. गाडीवाले आपल्या गाडीतून फारसे उतरले नाहीत. म्हणजे त्यांना अडवत होतं ते नुसतं भाडं नव्हे.

आता त्या आजोबांच्या शून्याकडे परत येऊ. ते तिकीट मोजणीसाठी आहे. किती माणसं बसली याच्या नोंदीवर सरकारकडून महामंडळाला भरपाई मिळते. कुठून चढले, कुठे उतरणार, हेही त्याच कागदातून कळतं. तिकीट पूर्ण काढून टाकलं तर कोणत्या मार्गावर गाडी वाढवायची हे ठरवायला दारात मोजणी करणारं यंत्र बसवावं लागेल, नाहीतर अंदाजाने कारभार चालेल. म्हणून रद्द करायला निघालेल्या माणसाने ती गोष्ट मूकपणे कोणती कामं करत होती, याची दुसरी यादीही केली पाहिजे. पहिल्या यादीतून कल्पना निघतात. दुसरीतून त्या का फसतील हे दिसतं.

दोन्ही याद्या समोर ठेवल्यावर माझं मत असं झालं आहे, की आपल्या शहरांना फुकट बस नको. वेळेचं तिकीट हवं. एकदा काढलं की नव्वद मिनिटं कोणत्याही बसमध्ये, कितीही वेळा चढा, उतरा, बदला. भाडं राहतं, मोजणी राहते, वाहकाची नोकरी राहते आणि गाडी बदलण्याचा दंड तेवढा जातो. दिवसभराचा पास काही शहरांत आहे, पण तो भरपूर फिरणाऱ्याला परवडतो. कामावर जाताना मधल्या चौकात एकदाच गाडी बदलणाऱ्याला नाही. तुमच्या शहरात बसमार्गांबद्दल सूचना मागवतील, तेव्हा थेट गाडीचा अर्ज करण्याआधी हे नव्वद मिनिटांचं तिकीट मागून पाहा.