अंतरपाट धरण्यापूर्वीच फिल्म ठरते

लग्नाच्या सलग शूटिंगची चार तासांची डीव्हीडी आता कुणी बघत नाही. घरोघर फिरते ती चार-पाच मिनिटांची हायलाइट फिल्म. ती बांधायची असते माणसांच्या बोलण्यावर, आणि ते बोलणं लग्नाच्या दिवशी मिळत नाही. मुलाखती हळदीच्या आदल्या संध्याकाळीच उरकाव्यात. खोली बंद, पंखा बंद, कॉलरला छोटा माइक आणि प्रत्येकाला दहा मिनिटं.

‘कसं वाटतंय?’ विचारलं की ‘खूप छान’ एवढंच उत्तर येतं. प्रसंग विचारावा. नवरीच्या आईला : ‘मुलाकडची मंडळी पहिल्यांदा घरी आली, त्या दिवशी स्वयंपाकघरात काय चाललं होतं?’ वडिलांना : ‘ही नसल्यावर घरातलं कुठलं काम अडणार?’ नवऱ्याला : ‘घरी तिच्याबद्दल आधी कुणाला सांगितलंस, कसं?’ उत्तर पूर्ण वाक्यात द्यायला सांगावं, कारण फिल्ममध्ये प्रश्न ऐकू येत नाही. आणि उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. खरं वाक्य बहुधा त्या थांब्यानंतर येतं.

आराखडा साधा असतो : सुरुवातीला अर्धा मिनिट आईचा किंवा आजीचा आवाज, मग हळद आणि बांगड्या, मधला मोठा भाग मांडवातला, शेवटी पाठवणी. त्यात दोन-तीनच वाक्यं ठळक ठेवावीत. सगळेच बोलायला लागले की फिल्मचा सत्कार समारंभ होतो.

चुकू नये असा क्षण म्हणजे अंतरपाट दूर होतो तो. मंगलाष्टकं काही मिनिटं चालतात, पाट मात्र दोन सेकंदांत बाजूला होतो आणि त्याच वेळी अक्षता उडतात, वाजंत्री सुरू होते, मामामंडळी मोबाइल घेऊन पुढे सरसावतात. तिथे एक कॅमेरा नवरीच्या चेहऱ्यावर, दुसरा नवऱ्याच्या, तिसरा लांबून सगळ्यांवर हवा. फोकस आधीच चेहऱ्यावर लॉक करावा, नाहीतर कॅमेरा उडत्या तांदळाच्या मागे लागतो. गुरुजींचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्यावा. बँडपुढे कॅमेऱ्याचा माइक टिकत नाही. काही घरांत त्या वेळी नवरीची आई मांडवात नसते, तुळशीला पाणी घालत असते. तिकडे कुणालाच पाठवलं नसेल, तर ते दृश्य पुन्हा मिळणार नाही.

बाकी यादी : गौरीहराशी बसलेली नवरी, मामानं तिला आणणं, मंगळसूत्र, सप्तपदी, कानपिळी, रुखवताजवळच्या मावश्या, माप ओलांडणं. पण क्रम घरागणिक बदलतो. म्हणून यादी इंटरनेटवरून उतरवू नका. आदल्या रात्री गुरुजींना आणि घरातल्या एखाद्या जाणत्या काकूंना विचारून विधी वेळेसकट कागदावर लिहा आणि त्याची एक प्रत कॅमेरावाल्याच्या हातात द्या.