आधी वय, मग नाव

हिवाळा लागला की नान्नजच्या माळरानावरून भोवत्यांचे फोटो येऊ लागतात. सोलापूरहून बार्शीच्या वाटेवरचं हे माळढोक अभयारण्य. कझाकस्तान, रशियाकडच्या गवताळ प्रदेशात वाढलेले हे शिकारी पक्षी इथल्या कुसळीवरून खालून खालून घिरट्या घालत नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. प्रौढ नर राखाडी असतो, त्याला नाव द्यायला फारसा वेळ लागत नाही. खरी पंचाईत तपकिरी पक्ष्यांची. मादी तपकिरी, पहिल्या वर्षाचं पिल्लू तपकिरी, आणि पॅलिड हॅरियर व माँटेग्यू हॅरियर या दोन्ही जातींत हेच. शेपटीच्या बुडाशी पांढरा डाग सगळ्यांनाच.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका मित्राने असाच एक फोटो पाठवला. पक्षी वळताना टिपलेला, त्यामुळे एका पंखाची वरची बाजू आणि दुसऱ्याची खालची, दोन्ही दिसत होत्या. खाली त्याने लिहिलं होतं, ‘पॅलिडची मादी’. कारणही दिलं होतं: सेकंडरी पिसं खालून काळपट आहेत. पंखाच्या मागच्या कडेला, अंगापासून मनगटापर्यंत असतात ती ही पिसं. त्याचं निरीक्षण चोख होतं. माँटेग्यूच्या प्रौढ मादीत या पिसांवर फिक्या जागेत ठळक गडद पट्टे दिसतात. पॅलिडच्या मादीत हा भाग काळवंडलेला असतो. पण ही खूण प्रौढ मादीची आहे. माँटेग्यूच्या पिल्लाचीही सेकंडरी पिसं काळपटच असतात. म्हणजे वय न ठरवता ही खूण लावली, तर माँटेग्यूचं पिल्लू अलगद पॅलिडची मादी होऊन बसतं.

म्हणून मी जात बाजूला ठेवली आणि छाती-पोट पाहिलं. प्रौढ मादीचं पोट फिकं आणि त्यावर तपकिरी रेघा. इथे एकही रेघ नव्हती, सगळं सलग नारिंगी-तांबूस. एवढ्यावर मी थांबत नाही, कारण संध्याकाळच्या उन्हात फिकं पोटही तांबूस दिसतं. पिसांची अवस्था उन्हाने बदलत नाही. पिल्लाची सगळी पिसं घरट्यात एकाच सुमारास उगवतात, म्हणून ती एकाच ताग्यातून कापल्यासारखी दिसतात: सारखी झीज, सारखा रंग. प्रौढ मादीची पिसं टप्प्याटप्प्याने बदलतात. स्थलांतरात हे काम थांबू शकतं आणि इथे येऊन पुरं होतं. तिच्या पंखात जुनं विटकं पीस नव्या गडद पिसाला खेटून दिसू शकतं, एखादी फटही. या फोटोत तसं काही नव्हतं. उलट पंखाच्या वरच्या बाजूला झाकणाऱ्या पिसांच्या टोकांची फिकी, नीटस ओळ होती. डोळा गडद होता, प्रौढ मादीसारखा पिवळा नव्हता. पिल्लूच, बहुधा मादी. पिल्लांत नराचा डोळा लवकर फिका होतो.

आता जातीकडे, पण पिल्लाच्या खुणा घेऊन. पॅलिडच्या पिल्लाच्या गळ्याभोवती फिकी, बिनरेघांची कॉलर असते आणि तिच्या मागे मानेची बाजू गडद. त्यामुळे ती उठून दिसते. गालावरचा गडद डाग चोचीच्या बुडापर्यंत पोचतो. या फोटोत कॉलर नव्हती, गालाचा डाग कानाशीच थांबला होता आणि डोळ्याच्या वर-खाली बराच पांढरा होता. पंखाच्या टोकाची चार बोटं खालून गडद आणि पंखाच्या बाहेरच्या भागाची मागची कडही काळपट. पॅलिडच्या पिल्लाची बोटं फिकट, पट्ट्यापट्ट्यांची राहतात आणि ती कड गडद नसते. हे माँटेग्यूचं पिल्लू.

हाच पक्षी फेब्रुवारीत टिपला असता तर मी इतकं बोललो नसतो. सोलापूरचं ऊन तांबूस रंग उडवतं, पोट बदामी होतं, पंखावरच्या फिक्या कडा झिजून जातात. काही पिल्लांच्या छातीवर तोवर नवी पिसंही येऊ लागतात. पोटावरून वय सांगणं तेव्हा धोक्याचं. डोळा आणि पंखांची झीज यांवरच भिस्त ठेवावी लागते. आणि पक्षी बांधावर पंख मिटून बसलेला असेल, तर तेही अर्धंच दिसतं. पांढऱ्या आभाळासमोर काळवंडलेल्या फोटोत उजळपणा वाढवून पाहावा, पण त्यातून निघालेला रंग पुरावा धरू नये. पट्टे दिसले तर तेवढेच घ्यावेत. या दोन जातींचे संकर होतात, ही आणखी एक अडचण. eBird वर ‘Pallid/Montagu's Harrier’ अशी जोडनोंद करता येते. अशा फोटोंना मी तीच देतो आणि वयाचा रकाना रिकामा सोडतो.