लेयाला आई कशी आठवते?

‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या १९८३च्या चित्रपटात रात्रीच्या वेळी झाडांवरच्या वस्तीत ल्यूक आणि लेया बोलत उभे असतात. आपण जुळी भावंडं आहोत, हे लेयाला अजून कळायचं आहे. ल्यूक तिला विचारतो, तुला आई आठवते का? लगेच पुढे स्पष्ट करतो, तुझी खरी आई. लेया म्हणते, थोडीशीच आठवते, मी अगदी लहान असताना ती गेली. ती फार सुंदर होती, मायाळू होती, पण दुःखी होती. ल्यूक म्हणतो, मला तर तिची काहीच आठवण नाही.

बावीस वर्षांनी, २००५मध्ये ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ आला. त्यात ही आई, पद्मे, जुळ्यांना जन्म देते, त्यांची नावं ठेवते आणि तिथेच प्राण सोडते. मग लेयाला दुःखी आई आठवणार कुठून? ‘स्टार वॉर्स’चे चाहते या प्रश्नावर आजही भांडतात. काही म्हणतात, लेखकाची चूक झाली. काहींच्या मते हा ‘रेटकॉन’ आहे, म्हणजे आधी सांगून झालेली गोष्ट पुढच्या भागात जाणूनबुजून बदलणं.

याचा निकाल लावायचा तर प्रत्येक प्रसंग लिहिताना लेखकाच्या मनात काय होतं, हे आधी पाहावं लागतं. १९८३पुरतं उत्तर सापडतं. त्याच वर्षी आलेल्या, जेम्स कान यांनी लिहिलेल्या या चित्रपटाच्या कादंबरीत ओबी-वान ल्यूकला सांगतो की, तुझी आई लेयाला घेऊन अल्डरान ग्रहावर राहायला गेली. म्हणजे तेव्हाच्या कथेत आई काही काळ जिवंत होती आणि लेया तिच्याजवळ वाढली. संवाद लिहिला गेला तेव्हा तो बरोबरच होता. ल्यूक तिच्यापासून दूर वाढला, म्हणून त्याला आठवण नाही, हेही त्यात चपखल बसतं.

म्हणजे बदल झाला तो २००५मध्ये. तो नजरचुकीने झाला, असं मला वाटत नाही. त्या चित्रपटाची सगळी गोष्टच पद्मेच्या मरणावर उभी आहे. बाळंतपणात ती मरते आहे, अशी स्वप्नं अनाकिनला पडतात. तिला वाचवण्याच्या आशेने तो सम्राटाच्या नादी लागतो आणि डार्थ वेडर होतो. ती वाचली आणि पुढे चार-पाच वर्षं जगली, तर त्या स्वप्नांचा आणि त्या अधःपतनाचा दंशच जातो. दोन्ही चित्रपटांच्या लेखनात जॉर्ज लुकास होते. स्वतःच्याच तिसऱ्या चित्रपटातला एवढा हळवा प्रसंग ते विसरले असतील, हे पटत नाही.

तरीही याला मी पुरता रेटकॉन म्हणणार नाही, आणि त्याचं कारण याच मालिकेतल्या दुसऱ्या एका बदलात आहे. १९७७च्या पहिल्या चित्रपटात ओबी-वान सांगतो की, वेडरने तुझ्या वडिलांना मारलं. पुढच्या चित्रपटाचा पहिला मसुदा ली ब्रॅकेट यांनी १९७८मध्ये लिहिला. त्यात ल्यूकच्या वडिलांचा आत्मा त्याच्यासमोर येतो आणि वेडर हा वेगळाच माणूस आहे. नंतरच्या मसुद्यात लुकास यांनी दोघांना एक केलं. आता ओबी-वानचं जुनं वाक्य खोटं ठरत होतं. म्हणून १९८३मध्ये त्याच्याच तोंडी खुलासा आला: अनाकिन वेडर झाला तेव्हा त्याच्यातला भला माणूस मेला, त्या दृष्टीने मी खरंच बोललो होतो. जुनं वाक्य जागेवर राहिलं आणि त्याला नवा अर्थ मिळाला.

लेयाच्या वाक्याच्या वाट्याला असा खुलासा आला नाही. आणि दुरुस्तीची संधी हातात होती. २००४च्या डीव्हीडीसाठी लुकास यांनी ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये फेरफार केले. शेवटी दिसणाऱ्या अनाकिनच्या आत्म्याच्या जागी सेबॅस्टियन शॉ यांना काढून हेडन क्रिस्टन्सन यांना बसवलं, म्हणजे नव्या चित्रपटांशी जुना जुळवून घेतला. आईबद्दलचे ते संवाद मात्र जसेच्या तसे राहिले. २०११च्या आवृत्तीत वेडरच्या तोंडी नवा आक्रोश घातला गेला, तेव्हाही त्यांना हात लागला नाही.

चाहत्यांनी स्वतःच ठिगळं शोधली. लेयाला आठवते ती तिला वाढवणारी राणी ब्रेहा, असं एक उत्तर. पण ल्यूक ‘खरी आई’ असं मुद्दाम विचारतो, आणि अल्डरान ग्रह १९७७च्या चित्रपटात लेयाच्या डोळ्यांदेखत नष्ट होतो, तेव्हा ब्रेहाही ती लहान असताना गेलेली नाही. दुसरं उत्तर असं, की ‘फोर्स’ या शक्तीमुळे तिला जन्माच्या वेळचं आठवतं. हे अधिक सुंदर आहे, आणि मलाही ते मानायला आवडेल. पण ल्यूक त्याच खोलीत, त्याच आईच्या पोटी जन्मला. फोर्सचं शिक्षण त्याने घेतलंय, लेयाने नाही. आणि आठवण नाही म्हणतो तो ल्यूक!

२०२२च्या ‘ओबी-वान केनोबी’ मालिकेत दहा वर्षांच्या लेयाला ओबी-वान तिच्या खऱ्या आईचे गुण सांगतो. प्रसंग मनाला भिडतो. पण ते तिने कानांनी ऐकलेलं आहे, आणि १९८३ची लेया आईच्या चेहऱ्यावरच्या दुःखाबद्दल बोलते आहे. तेव्हा माझ्या मते बदल जाणूनबुजूनच झाला, सांधा मात्र जोडायचा राहिला, आणि तो आजही तसाच उघडा आहे.